शंभर ग्रॅमवरून एका सर्व्हिंगवर: पोषण तक्त्याचं गणित नेमकं कसं करावं

खाद्यपदार्थाच्या लेबलवर पोषण तक्ता करताना प्रयोगशाळेचा रिपोर्ट बहुतेक वेळा शंभर ग्रॅमच्या हिशेबात येतो. ग्राहक मात्र शंभर ग्रॅम मोजून खात नाही. तो तीन बिस्किटं खातो किंवा एक पेला भरून पितो. म्हणून शंभर ग्रॅमच्या रकान्याशेजारी ‘प्रति सर्व्हिंग’ असा दुसरा रकाना भरावा लागतो. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे: शंभर ग्रॅममधलं मूल्य गुणिले सर्व्हिंगचे ग्रॅम, भागिले शंभर. तरीही या रकान्यात चुका खूप सापडतात, आणि त्या गुणाकाराच्या नसतात. चूक होते ती गुणाकाराआधी चुकीचं वजन धरल्याने किंवा आकडा नको त्या टप्प्यावर पूर्णांकात आणल्याने. त्यामुळे या लेखाचा भर या दोन जागांवर आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे, ओट्सच्या बिस्किटाचं. एका सर्व्हिंगमध्ये तीन बिस्किटं.

आधी सर्व्हिंगचं वजन ठरवा

सर्व्हिंग नगात सांगायची असेल तर नगाचं वजन अंदाजाने धरू नका आणि कृतीच्या कागदावरून उचलूही नका. कृतीत कच्च्या पिठाच्या गोळ्याचं वजन असतं. भाजताना पाणी उडून जातं, म्हणून तयार बिस्किट त्यापेक्षा हलकं भरतं. वेगवेगळ्या दिवशी तयार झालेल्या पाकिटांमधून मिळून तीस बिस्किटं घ्या आणि एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. समजा तिसांचं वजन ३७२ ग्रॅम भरलं. म्हणजे एक बिस्किट सरासरी १२.४ ग्रॅमचं आणि तीन बिस्किटं ३७.२ ग्रॅमची. एकेक बिस्किट वेगळं तोलूनही पाहा. सगळी साधारण ११.९ ते १२.९ ग्रॅमच्या दरम्यान असतील तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो. काही ११ ची आणि काही १४ ची निघाली, तर आधी साचा किंवा पीठ कापण्याची पद्धत दुरुस्त करायला हवी. अशा मालाच्या ‘तीन बिस्किटां’ना एक ठरावीक पोषणमूल्य देताच येत नाही.

लेबलवर छापायचं ‘एक सर्व्हिंग ३७ ग्रॅम (३ बिस्किटं)’. मग गुणाकारात ३७.२ घ्यायचे की ३७? छापलेला आकडा घ्या, म्हणजे ३७. लेबल वाचणाऱ्याच्या हातात तेवढाच आकडा असतो. त्याने शंभर ग्रॅमचा रकाना ०.३७ ने गुणला तर त्याचं उत्तर तुमच्या रकान्याशी जुळायला हवं. लेबलवर एक वजन आणि हिशेबात दुसरं, असं झालं की तक्ता तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीत थोडा थोडा फरक दिसतो आणि त्याचं कारण मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पाकिटातल्या सर्व्हिंगची संख्याही इथेच ताडून पाहा. पाकिटात बारा बिस्किटं आणि निव्वळ वजन १४८ ग्रॅम असेल, तर ३७ ने भाग देऊन ४ येतात आणि नगांच्या हिशेबानेही ४ च येतात. दोन्ही वाटांनी एकच संख्या आली नाही तर वजन पुन्हा करा.

रिपोर्टमधले शंभर ग्रॅम नेमके कशाचे?

ही पायरी हमखास सुटते, आणि नुकसान सर्वांत जास्त तिनेच होतं. प्रयोगशाळेत गेलेला नमुना आणि तुम्ही तोललेलं बिस्किट एकाच अवस्थेतलं असलं पाहिजे. वेगवेगळ्या अवस्थेतले घेतले तर काय होतं ते पाहू.

समजा नमुन्यातल्या बिस्किटांमध्ये ओलावा ३.४ टक्के होता आणि शंभर ग्रॅममागे ऊर्जा ४५७.७४ किलोकॅलरी निघाली. नंतर भट्टीचा वेळ थोडा कमी केला आणि ओलावा ६ टक्क्यांवर गेला. आता बिस्किटात पाणी जास्त आहे, म्हणून शंभर ग्रॅममागची ऊर्जा उतरून सुमारे ४४५.४ होते. पण तेच बिस्किट आता पाण्यामुळे जड झालं आहे. तीन बिस्किटं ३७.२ ऐवजी सुमारे ३८.२ ग्रॅम भरतात. पीठ, साखर, तूप तितकंच असल्यामुळे तीन बिस्किटांमधली ऊर्जा पूर्वीइतकीच, १७० किलोकॅलरीच्या आसपास राहते. आता जुना रिपोर्ट आणि नवं वजन एकत्र आणा: ४५७.७४ गुणिले ०.३८ म्हणजे जवळपास १७४. नवा रिपोर्ट घेतला असता तर त्याच ३८ ग्रॅमला १६९ आले असते. पाच किलोकॅलरींचा हा फरक कोणी गणित चुकल्यामुळे आला नाही. दोन वेगळ्या मालांचे आकडे एका ओळीत बसवल्यामुळे आला. म्हणून नमुना पाठवाल त्याच घाण्यातली तीस बिस्किटं त्याच दिवशी तोला आणि ते वजन रिपोर्टला जोडून ठेवा.

इतर पदार्थांमध्ये हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. पाण्यात कालवायच्या सूप पावडरीचा रिपोर्ट पावडरीचा असतो. एका वाडग्याला १५ ग्रॅम पावडर लागत असेल आणि तयार सूपाचं वजन २१५ ग्रॅम होत असेल, तर गुणक ०.१५ घ्यायचा, २.१५ नाही. पाण्याने पोषणमूल्यात भर पडत नाही. पावडर दुधात कालवायची असेल तर दुधाची मूल्यं वेगळी काढून मिळवावी लागतात आणि ‘तयार केल्यावर’ असं स्पष्ट छापावं लागतं. पाकात किंवा खारवलेल्या पाण्यात बुडवलेल्या डबाबंद पदार्थात निथळलेलं वजन आणि एकूण वजन यांतलं कोणतं रिपोर्टमध्ये धरलं आहे, ते प्रयोगशाळेला विचारूनच पुढे जा.

पातळ पदार्थाची सर्व्हिंग मिलिलिटरमध्ये असते आणि रिपोर्ट ग्रॅममध्ये असू शकतो. तिथे दोन्ही एकच मानलेलं चालत नाही. सरबताची घनता १.०४ असेल तर २०० मिलिलिटरचं वजन २०८ ग्रॅम होतं, म्हणून गुणक २.०८ येतो. शंभर ग्रॅममध्ये १०.२ ग्रॅम साखर असली तर पेल्यात २१.२ ग्रॅम असते. घनता विसरलात तर तुम्ही २०.४ छापाल. घनता काढायला १०० मिलिलिटरचा मानक फ्लास्क रिकामा तोला, २० अंश सेल्सिअसला आणलेलं पेय खुणेपर्यंत भरा, पुन्हा तोला आणि वजनांतला फरक शंभरने भागा. पेयात वायू असेल तर तो आधी ढवळून काढून टाका, नाहीतर बुडबुड्यांमुळे घनता कमी दिसते.

कर्बोदकांत तंतू धरले आहेत का?

गुणाकाराआधी ही शंका फेडून घ्या, कारण ऊर्जेचा ताळा तिच्यावरच बसतो. काही रिपोर्टमध्ये ‘एकूण कर्बोदके’ म्हणजे तंतूंसह आकडा असतो. काहींमध्ये तंतू वगळून उरलेली कर्बोदके असतात. अमेरिकेच्या लेबलवर पहिली पद्धत चालते आणि युरोपीय संघात दुसरी. आपल्या बिस्किटात तंतू वगळून कर्बोदके ६४.८४ ग्रॅम आणि तंतू ५.३८ ग्रॅम आहेत.

ऊर्जेचे नेहमीचे गुणक असे: प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, कर्बोदकांना ४, मेदाला ९ आणि तंतूंना २. आपल्या बिस्किटाच्या शंभर ग्रॅमसाठी प्रथिने ७.२६ गुणिले ४ म्हणजे २९.०४, कर्बोदके ६४.८४ गुणिले ४ म्हणजे २५९.३६, मेद १७.६२ गुणिले ९ म्हणजे १५८.५८ आणि तंतू ५.३८ गुणिले २ म्हणजे १०.७६. बेरीज ४५७.७४. रिपोर्टमध्ये ऊर्जा ४६८.५ दिसली तर तंतूंनाही ४ चा गुणक लावला गेला आहे हे लगेच कळतं, कारण फरक नेमका १०.७६ चा आहे. पदार्थात मद्य किंवा साखरेऐवजी वापरले जाणारे पॉलिऑल असतील तर त्यांचे गुणक वेगळे आहेत. मद्याला ७, आणि पॉलिऑलना युरोपीय पद्धतीत २.४.

किलोज्यूलही छापायचे असतील तर किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणून ते काढू नका. किलोज्यूलला स्वतःचे गुणक आहेत: १७, १७, ३७ आणि ८. त्यांनी १९२०.६८ येतात, तर किलोकॅलरीवरून १९१५ च्या आसपास येतात. गुणक मुळात पूर्णांकात बांधलेले असल्याने हा फरक पडतो, त्यात चूक कुणाची नसते. फक्त दोन्ही रकान्यांत एकच पद्धत ठेवा.

आता गुणाकार, आणि पूर्णांक शेवटी एकदाच

नियम एकच आहे: सर्व्हिंगचा आकडा काढताना शंभर ग्रॅमचा मूळ, न छाटलेला आकडा घ्यायचा आणि छाटणी सगळ्यात शेवटी करायची. शंभर ग्रॅमच्या रकान्यात छापलेला आकडा हा मूळ आकड्याचा छाटलेला अवतार असतो. त्याच्यावरून पुढचा हिशेब केला की छाटणी दोनदा होते.

आपल्या तक्त्यात १० ग्रॅम आणि त्याहून जास्त असेल तर पूर्ण ग्रॅम, त्याखाली एक दशांश, आणि ऊर्जा व सोडियम पूर्ण आकड्यात अशी पद्धत धरू.

| घटक | मूळ, १०० ग्रॅम | छापील, १०० ग्रॅम | गुणिले ०.३७ | छापील, ३७ ग्रॅम |
|---|---|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ४५७.७४ | ४५८ | १६९.३६ | १६९ |
| प्रथिने (ग्रॅम) | ७.२६ | ७.३ | २.६८६ | २.७ |
| कर्बोदके (ग्रॅम) | ६४.८४ | ६५ | २३.९९१ | २४ |
| त्यांपैकी साखर (ग्रॅम) | २१.४७ | २१ | ७.९४४ | ७.९ |
| मेद (ग्रॅम) | १७.६२ | १८ | ६.५१९ | ६.५ |
| त्यांपैकी संपृक्त (ग्रॅम) | ७.९४ | ७.९ | २.९३८ | २.९ |
| तंतू (ग्रॅम) | ५.३८ | ५.४ | १.९९१ | २.० |
| सोडियम (मिलिग्रॅम) | २८६.४ | २८६ | १०५.९७ | १०६ |

मेदाची ओळ नीट पाहा. छापील १८ वरून हिशेब केला असता तर ६.६६ म्हणजे ६.७ छापले गेले असते. खरा आकडा ६.५ आहे. साखरेच्या ओळीत चूक उलट दिशेने जाते: छापील २१ वरून ७.८ येतात, मूळ आकड्यावरून ७.९. म्हणजे ही चूक सगळ्या ओळींत सारखी नसते. कुठे वाढते, कुठे घटते आणि बेरजेत कधीकधी लपूनही जाते.

सोडियमऐवजी मीठ छापायचं असेल तर सोडियमला २.५ ने गुणा. शंभर ग्रॅममध्ये ७१६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.७२ ग्रॅम. सर्व्हिंगचं मीठ काढताना मात्र ०.७२ ला हात लावू नका. ०.७१६ गुणिले ०.३७ म्हणजे ०.२६४९, छापायचे ०.२६. छापील ०.७२ वरून ०.२७ येतात.

स्प्रेडशीटमध्ये मूळ आकडे `B` रकान्यात आणि सर्व्हिंगचं वजन `C1` मध्ये ठेवलं, तर चौथ्या ओळीत दहाच्या खालच्या आणि वरच्या मूल्यांसाठी सूत्र असं:

```
=IF(B4*$C$1/100>=10, ROUND(B4*$C$1/100,0), ROUND(B4*$C$1/100,1))
```

ऊर्जा आणि सोडियमच्या ओळींत फक्त `ROUND(...,0)` वापरा. यात एक सापळा आहे. सेलचं स्वरूप बदलून एकच दशांश दाखवला तर पडद्यावर ७.९ दिसतं, पण आत ७.९४३९ तसंच असतं. तो सेल पुढच्या हिशेबात घेतला तर दिसणारा आकडा आणि वापरला जाणारा आकडा वेगळे होतात. म्हणून छापायच्या रकान्यात `ROUND` वापरा आणि पुढचे सगळे हिशेब `B` रकान्यावरूनच करा. दैनंदिन गरजेच्या टक्केवारीचंही तसंच. सोडियमचं संदर्भमूल्य २००० मिलिग्रॅम धरलं तर १०५.९७ भागिले २००० म्हणजे ५.३ टक्के, छापायचे ५ टक्के. हे संदर्भमूल्य प्रत्येक नियमावलीत सारखं नाही (अमेरिकेत २३०० आहे), म्हणून ते सूत्रात न गुंफता वेगळ्या सेलमध्ये ठेवा.

पूर्णांकाचे नियम बाजारागणिक बदलतात

छाटणीची पद्धत तुम्ही मनाने ठरवायची नसते, जिथे माल विकायचा तिथल्या नियमावलीने ठरते. हेच बिस्किट अमेरिकेच्या लेबलवर घातलं तर ५० च्या वरची ऊर्जा दहाच्या पटीत जाते, म्हणून १७०. मेद ५ ग्रॅमच्या वर असल्याने पूर्ण ग्रॅममध्ये, म्हणून ७. संपृक्त मेद ५ च्या खाली असल्याने अर्ध्या ग्रॅमच्या पटीत, म्हणून ३. सोडियम ५ ते १४० मिलिग्रॅमच्या दरम्यान असल्याने पाचच्या पटीत, म्हणून १०५. मूळ आकडे जपून ठेवले असतील तर दुसऱ्या बाजाराचं लेबल करायला फक्त शेवटचा रकाना बदलावा लागतो. ते जपले नसतील तर १६९ आणि ६.५ वरून पुन्हा छाटणी करत बसावं लागतं, आणि सीमेवरचा एखादा आकडा भलत्याच बाजूला जातो.

शून्याचा प्रश्नही इथेच येतो. अमेरिकेच्या पद्धतीत सर्व्हिंगमध्ये मेद अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापतात. शंभर ग्रॅममध्ये ०.८ ग्रॅम मेद असलेल्या पदार्थाच्या ३७ ग्रॅममध्ये ०.२९६ असतं, त्याचं ० होतं. शेजारच्या रकान्यात ०.८ आणि इथे ०, हे वाचणाऱ्याला खटकतं, पण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. जिथे नियम परवानगी देतो तिथे ० ऐवजी ‘०.५ पेक्षा कमी’ असं लिहावं, ते जास्त प्रामाणिक आहे. ‘अमुक घटक नाही’ असा दावा पाकिटाच्या दर्शनी भागावर करण्यासाठी मात्र या शून्याचा आधार घेऊ नये. त्या दाव्याच्या अटी वेगळ्या असतात.

छपाईला देण्याआधीचा ताळा

दोन ताळे पुरेसे आहेत. पहिला ऊर्जेचा. सर्व्हिंगच्या छापील आकड्यांवरून पुन्हा बेरीज करा: २.७ गुणिले ४, २४ गुणिले ४, ६.५ गुणिले ९ आणि २ गुणिले २. म्हणजे १०.८, ९६, ५८.५ आणि ४, एकूण १६९.३. छापील १६९ शी मेळ बसतो. एकदोन किलोकॅलरींचा फरक छाटणीमुळे येऊ शकतो. त्याहून मोठा असेल तर एखादी ओळ चुकली आहे.

दुसरा ताळा दोन रकान्यांमधला. छापील शंभर ग्रॅमचा आकडा ०.३७ ने गुणा आणि सर्व्हिंगच्या छापील आकड्याशी ताडा. किती फरक चालेल तेही काढता येतं. मेदाच्या ओळीत शंभर ग्रॅमचा आकडा पूर्ण ग्रॅममध्ये आहे, म्हणून त्यात जास्तीत जास्त ०.५ ची चूक, सर्व्हिंगमध्ये ती ०.१८५ होते. सर्व्हिंगचा आकडा एका दशांशात आहे, म्हणून त्यात आणखी ०.०५. एकूण ०.२३५. १८ गुणिले ०.३७ म्हणजे ६.६६, छापील ६.५, फरक ०.१६. ठीक आहे. सोडियममध्ये कोणी १०६ ऐवजी १६० टंकलं असेल तर २८६ गुणिले ०.३७ म्हणजे १०५.८ शी ५४ चा फरक दिसतो, आणि ऊर्जेच्या ताळ्यात ही चूक कधीच सापडली नसती, कारण सोडियमला ऊर्जा नसते. म्हणून एका ताळ्यावर भागवू नका. ताळा स्प्रेडशीटवर नाही, छापायला जाणाऱ्या मांडणीवरच्या आकड्यांवर करा. आकडे चुकतात ते बहुधा एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हाताने उतरवताना.

उलट दिशेचं गणित टाळा. लेबलवर ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगला साखर ३ ग्रॅम छापली आहे, म्हणून शंभर ग्रॅममध्ये १० असेल असं धरता येत नाही. ते ३ मुळात २.५ पासून जवळपास ३.५ पर्यंत काहीही असू शकतात, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ८.३ ते ११.७. सर्व्हिंग जितकी लहान, तितकी ही फाक मोठी. जुन्या लेबलवरून नवा तक्ता करायची वेळ आली तर मूळ रिपोर्ट शोधा, तो नसेल तर नवी तपासणी करून घ्या.

पुढे साचा बदलून बिस्किट लहान केलं, पण कृती आणि भाजणी तीच ठेवली, तर फक्त `C1` बदलायचा. शंभर ग्रॅमचा रकाना तसाच राहील. मात्र बिस्किट पातळ झालं तर ते जास्त कोरडं भाजलं जातं. म्हणून अशा वेळी ओलावा मोजून घ्या आणि तो बदललेला दिसला तर नमुना पुन्हा तपासायला पाठवा.